ग्रुपवर टाळ्या, इनबॉक्सात वाभाडे

परवा नव्या मोंढ्यात चहाला थांबलो होतो. मागून कुणीतरी खांद्यावर हात ठेवला. बघतो तर आमचा घनसावंगीकडचा जुना वार्ताहर. साडेतीन वर्षं आमच्या दैनिकाला बातम्या पाठवायचा. मागच्या वर्षी अचानक काम सोडलं आणि आता एका बियाणे कंपनीच्या गोडाऊनला हिशेब बघतो.

मी त्याला पहिलाच प्रश्न विचारला तो हा, की बाबा, तू सोडलंस काहून? ग्रुपवर सगळ्यात जास्त कौतुक तर तुझंच व्हायचं.

तो हसला नाही. फोन काढला, काहीतरी शोधलं आणि माझ्या हातात दिला. म्हणाला, "दादा, हे वाचा. मग सांगा माझं चुकलं का."

तो आमच्या साहेबांनी त्याला वैयक्तिक पाठवलेल्या मेसेजचा धागा होता. साहेब म्हणजे आमचे जिल्हा कार्यालयाचे प्रमुख. मी त्यांच्या हाताखाली नऊ वर्षं काम केलं. ज्या माणसाला मी ग्रुपवर रोज सकाळी "वा, क्या बात है" लिहिताना पाहिलं, तोच माणूस या धाग्यात वेगळाच बोलत होता. चहा गार झाला तरी मी वाचत होतो.

आधीच सांगतो. ही पोस्ट साहेबांना उघडं पाडायला लिहिलेली नाही. त्यांचं नाव, दैनिकाचं नाव, पोराचं नाव यात येणार नाही. स्क्रीनशॉट मागू नका, मिळणार नाहीत. पोराच्या परवानगीने लिहितोय आणि लिहायचं कारण वेगळं आहे. तेच नाव, तेच काम, तोच दिवस, तरीही बोलायची जागा बदलली की बोलणं किती बदलतं, हे मला पहिल्यांदा पुराव्यासकट दिसलं. आणि तुमच्यापैकी जे शाळेत, पंचायत समितीत, बँकेत, दवाखान्यात असल्या ग्रुपमध्ये आहेत, त्यांना ते ओळखीचं वाटेल असं वाटतं.

एकच उदाहरण आधी पूर्ण सांगतो.

सप्टेंबर 2024 च्या सुरुवातीला मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, ती सगळ्यांना आठवत असेल. आपल्या जिल्ह्यात कापूस, सोयाबीन, मोसंबी, सगळ्यात पाणी शिरलं. त्यानंतर पंचनामे सुरू झाले. या पोराने एका गावाची बातमी केली. मोटारसायकल जाईना म्हणून शेवटचे दोन किलोमीटर चिखलातून चालत गेला, बागेत उभं राहून फोटो काढले, चार शेतकऱ्यांशी बोलला. बातमी चांगली होती. आतल्या पानावर पाच कॉलम लागली.

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी ग्रुपवर साहेबांचा मेसेज आला. "आमचा घनसावंगीचा वाघ! जबरदस्त बातमी!" आणि पुढे टाळ्या. ग्रुपमध्ये आम्ही एकतीस जण. तालुक्यातालुक्याचे वार्ताहर, फोटोग्राफर, जाहिरातवाले, वितरणवाले आणि विभागीय कार्यालयातले दोन वरिष्ठ. अर्ध्या तासात सगळ्यांचे अंगठे पडले. माझाही पडला. मी तेव्हा बातमी वाचलीसुद्धा नव्हती, हे आता कबूल करतो.

त्याच दिवशी रात्री दहा वाजून बावन्न मिनिटांनी त्याला वैयक्तिक मेसेज आला. "एकर का हेक्टर? पंचनामा वाचता येत नाही का तुला? मला वरून ऐकून घ्यावं लागलं. असलंच काम करायचं असेल तर नको करू."

झालं असं होतं. पंचनाम्याच्या तक्त्यात बाधित क्षेत्र हेक्टरमध्ये असतं, कारण सातबारा हेक्टर-आरमध्ये आणि सरकारी मदतही हेक्टरी. गावात मात्र माणूस एकरातच बोलतो. पोराने गावातल्या लोकांशी एकरात बोलून आकडा तक्त्यातला उचलला आणि 42 हेक्टरचं 42 एकर लिहिलं. एक हेक्टर म्हणजे जवळजवळ अडीच एकर. म्हणजे शंभरावर एकराचं नुकसान पेपरात 42 एकर झालं. गावातल्या लोकांनी संध्याकाळी थेट विभागीय कार्यालयाला फोन लावला.

चूक मोठी होती. साहेबांना राग येणं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी आत चार ओळींचा खुलासा छापला. पण ग्रुपवर काय झालं? काहीच नाही. सकाळचा वाघ तसाच राहिला. ज्या एकतीस लोकांनी टाळ्या पाहिल्या त्यांच्यातल्या एकालाही एकर-हेक्टरची गोष्ट कळली नाही. आठ-दहा दिवसांनी दुसऱ्या तालुक्याच्या वार्ताहराने तीच चूक केली. त्यालाही रात्री वैयक्तिक मेसेज गेला असणार. एकच धडा साहेबांनी दोनदा, दोन वेगवेगळ्या माणसांना, दोनदा चिडून शिकवला आणि बाकीच्यांना तो कधी कळलाच नाही.

हे वाचून मला राहवेना. मी त्याला म्हटलं, मला हा धागा पाठवशील का? त्याने तिथंच एक्स्पोर्ट चॅट करून दिला. ग्रुपचा धागा माझ्याकडे होताच. दोन्ही साध्या मजकुराच्या फाइली, प्रत्येक मेसेजवर तारीख, वेळ आणि नाव. दोन रात्री बसलो.

सुरुवातीला मी चूक केली. ग्रुपमधले गोड मेसेज एकीकडे आणि वैयक्तिक कडू मेसेज एकीकडे असे ढीग लावले. त्यातून साहेब दुतोंडी आहेत एवढंच निघत होतं आणि ते खरं नव्हतं. कारण एका ढिगात चांगल्या दिवसाचं बोलणं होतं, दुसऱ्यात वाईट दिवसाचं. चांगल्या कामाला कौतुक आणि वाईट कामाला बोलणी, यात जागेचा काय दोष? तुलना करायची तर काम एकच पाहिजे. म्हणून मग फक्त अशाच बातम्या घेतल्या, ज्यांच्यावर ग्रुपवरही मेसेज आहे आणि वैयक्तिकही. अशा डझनभर जोड्या सापडल्या. वहीत चार रकाने पाडले. बोलणं कशाबद्दल आहे, बातमीबद्दल का माणसाबद्दल? त्यात एखादी नेमकी गोष्ट सांगितली आहे का? पुढे काय करायचं ते सांगितलंय का? आणि समोरच्याला उत्तर द्यायला जागा आहे का?

वही भरल्यावर तीन गोष्टी दिसल्या.

पहिली गोष्ट अशी, की मला वाटलं होतं कौतुक आणि बोलणी यांच्यात फरक गोड-कडूचा असेल. तो होताच, पण खरा फरक नेमकेपणाचा होता. ग्रुपवरच्या कौतुकात वाघ, जबरदस्त, कडक, लय भारी हे शब्द होते. बातमीत चांगलं काय होतं ते जवळपास कुठंच नव्हतं. चिखलातून दोन किलोमीटर चालत गेला म्हणून बागेतला फोटो मिळाला, हे कुणी लिहिलं नाही. चार शेतकऱ्यांची नावं आणि वय दिलं म्हणून बातमी खरी वाटली, हेही नाही. उलट वैयक्तिक मेसेज कितीही कडू असले तरी त्यात नेमकी गोष्ट असायचीच. आकडा चुकला, तहसीलदारांची बाजू नाही, मथळ्यातलं गाव चुकलं, फोटो जुना आहे. म्हणजे शिकायला मिळणारं जे काही होतं ते सगळं शिवीच्या कागदात बांधून आलं आणि कौतुकाचा कागद सुंदर पण आत रिकामा.

पोरगं यातून काय शिकलं? त्याने मला त्याच्या शब्दांत सांगितलं. "दादा, माझं काय चुकतंय ते मला रोज कळायचं. माझं काय बरोबर आहे ते साडेतीन वर्षांत एकदाबी कळलं नाही." मग तो चिखलातून चालत जायचं सोडून सुरक्षित बातम्या पाठवायला लागला. निवेदनं, जयंत्या, सत्कार. त्यात चुकायला जागाच नाही. जोड्यांच्या तारखा लावल्या तर हे स्पष्ट दिसतं. शेवटच्या सहा महिन्यांत त्याच्या धाग्यात बोलणी कमी झालेत, पण ग्रुपवरच्या चांगल्या बातम्याही कमी झाल्यात. साहेबांना वाटलं असेल पोरगं सुधारलं. खरं म्हणजे ते आटलं होतं.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. दोन्ही जागांवर विषयच वेगळे होते. ग्रुपवर पत्रकारिता होती आणि वैयक्तिक धाग्यात, बातमीच्या चुकांइतकीच, जाहिरात होती. पंधरा ऑगस्टच्या पुरवणीचं काय झालं, सरपंचाच्या वाढदिवसाची अर्ध्या पानाची जाहिरात शेजारच्या पेपराला कशी गेली, दिवाळी अंकाचं टार्गेट कधी पूर्ण होणार. गावच्या वार्ताहराचं अर्धं पोट जाहिरातीच्या कमिशनवर असतं, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. पण ग्रुपवर ते कुणी लिहीत नाही. तिथं आपण सगळे लोकशाहीचे खांब असतो. त्यामुळे ग्रुप वाचून कुणी आमच्या कामाचा अंदाज बांधला असता तर त्याला वाटलं असतं, या पोराला चांगल्या बातमीवर मोजतात. त्याला ज्यावर मोजत होते ते मोजमाप ग्रुपवर नव्हतंच.

तिसरी गोष्ट एका योगायोगाने कळली. आमचे ग्रुप दोन होते. एक हा मोठा, ज्यात वरिष्ठ होते. दुसरा छोटा, फक्त साहेब आणि तालुका वार्ताहर. माणसं तीच, साहेब तेच, कामही तेच. फरक इतकाच की छोट्या ग्रुपमध्ये वरचे दोघे नव्हते. छोट्या ग्रुपमध्ये मी "वाघ" हा शब्द शोधला. एकदाही नाही. तिथं फक्त "दुपारी चारपर्यंत पाठवा" आणि "फोटो आडवा काढा" एवढंच. याचा अर्थ मोठ्या ग्रुपमधलं कौतुक पोराच्या नावाने असलं तरी ते पोरासाठी एकट्यासाठी नव्हतं. ते वरच्यांनीही ऐकावं म्हणून होतं, की बघा, माझी टीम कशी आहे. यात वाईट काही नाही. आपल्या माणसाचं वर नाव काढणं हे प्रमुखाचं कामच आहे. पण मग ते कौतुक म्हणजे पोराला दिलेला अभिप्राय नव्हे, ती वरिष्ठांना दिलेली माहिती. पोराने तिला अभिप्राय समजायचं आणि रात्रीच्या मेसेजशी तिचा मेळ घालत बसायचं, यात त्याची झोप गेली.

इथपर्यंत आल्यावर साहेबांना न विचारता लिहिणं बरोबर नव्हतं. आम्ही बातमीत दुसरी बाजू घेतो, इथं का नाही? ते आता निवृत्त होऊन छत्रपती संभाजीनगरला असतात. फोन केला. सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले.

मग म्हणाले, "अरे, मी पोरगा होतो तेव्हा संपादकाने माझी कॉपी सगळ्यांसमोर टेबलावरून खाली फेकली होती. उचलताना हात थरथरत होते माझे. तेव्हाच ठरवलं, आपण प्रमुख झालो तर कुणाला चारचौघात बोलायचं नाही. कौतुक सगळ्यांसमोर, कानउघाडणी एकट्यात. हे चूक आहे का?"

मी म्हटलं, चूक नाही साहेब. पण रात्री अकराला?

"पान सुटल्याशिवाय मला वेळ कधी मिळायचा, सांग ना. आणि दिवसभर मी त्याच्यावरच चिडून होतो असं नाही रे. वरून फोन आलेला असायचा, जाहिरातीचं टेन्शन असायचं. दोन ओळी लिहून टाकायचो आणि झोपायचो."

मग शेवटी हळूच विचारलं, "ते मेसेज त्याने अजून ठेवलेत?"

त्यांच्यासाठी त्या दोन ओळी होत्या, रात्रीच विसरलेल्या. पोराच्या फोनात त्या दोन वर्षं होत्या. तोंडी बोलणं विरतं. माणूस दुसऱ्या दिवशी चहा पाजतो, हसतो, आणि कालचं बोलणं मऊ होतं. लिहिलेलं मऊ होत नाही. जेव्हा उघडाल तेव्हा तितकंच कडक.

पोराने आणखी एक सांगितलं, ते वहीत येणं शक्यच नव्हतं. साहेब फोनवर कधी असं बोलायचे नाहीत. तीच चूक फोनवर सांगायचे तेव्हा "अरे लेकरा, बघ ना जरा" असं म्हणायचे. म्हणजे वैयक्तिक जागा एक नाही, दोन आहेत. मेसेज आणि आवाज. यावर अमेरिकेत जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केले होते, 2005 साली ते प्रसिद्ध झाले. लोकांना काही वाक्यं गंभीरपणे आणि काही उपरोधाने पाठवायला लावली, काहींना ईमेलवर, काहींना आवाजात. पाठवणाऱ्यांना दोन्हीकडे वाटलं की आपला सूर शंभरातल्या अठ्ठ्याहत्तर वेळा तरी समोरच्याला कळेल. आवाजात तो त्र्याहत्तर वेळा कळला. ईमेलवर छप्पन्न वेळा, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा थोडं बरं. लिहिणारा लिहिताना आपलाच आवाज मनात ऐकत असतो, त्यामुळे तो आवाज कागदावर उतरलाच नाही हे त्याला कळत नाही. साहेबांनी "नको करू" लिहिलं तेव्हा त्यांच्या मनात बापाची चिडचिड होती. पोराने वाचलं तेव्हा ती नोकरीवरून काढल्याची नोटीस होती.

आता या सगळ्यातला सगळ्यात कठीण भाग. काम त्याने स्वतः सोडलं हे अर्धं खरं आहे. आधी त्याच्याकडची पाच गावं काढून दुसऱ्याला दिली. कारण विचारलं तर वरून उत्तर आलं, कामात सुधारणा नाही. तो म्हणाला, मला कुणी कधी सांगितलं? ग्रुप बघा, कौतुकच आहे. तेव्हा त्याला सांगितलं, तुला वैयक्तिक सांगितलेलं आहे. आणि तो वैयक्तिक बोलण्याबद्दल तक्रार घेऊन गेला तेव्हा त्याला म्हणाले, तुझं तर ग्रुपवर रोज कौतुक होतं, तुला त्रास कसला? दोन्हीकडून तोच अडकला. चांगलं काम केल्याचा पुरावा उघड होता पण त्यात नेमकं काही नव्हतं, आणि चुका नेमक्या होत्या पण त्यांच्यावर त्याची बाजू मांडायला जागा नव्हती.

ही फक्त पेपरवाल्यांची गोष्ट नाही. सरकारी नोकरीतल्या मित्रांना गोपनीय अहवाल म्हणजे काय ते सांगायला नको. आता त्याला कार्यमूल्यमापन अहवाल म्हणतात. त्यातला हाच पेच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. देव दत्त नावाचे सीमा रस्ते संघटनेतले कार्यकारी अभियंता होते. बढतीचा विचार झाला तेव्हा त्यांना वगळलं आणि कनिष्ठांना बढती मिळाली. कारण 1993-94 च्या अहवालात त्यांना "चांगला" असा शेरा होता आणि बढतीसाठी पाचही वर्षं "अतिशय चांगला" लागत होतं. तो शेरा त्यांना कधी कळवलाच नव्हता. सरकारचं म्हणणं, प्रतिकूल शेरा असेल तरच कळवायचा असतो, "चांगला" हा प्रतिकूल कसा?

12 मे 2008 ला न्यायमूर्ती एच. के. सेमा आणि मार्कंडेय काटजू यांच्या पीठाने निकाल दिला. मला त्यातलं एक सूत्र फार पटलं. शेऱ्याला नाव काय आहे ते बघू नका, त्याने त्या माणसाचं काय होतं ते बघा. जिथं "अतिशय चांगला" लागतं तिथं "चांगला" हा शब्दच माणसाला खाली ढकलतो. म्हणून न्यायालयाने सांगितलं, की शेरा कुठलाही असो, वाईट, बरा, चांगला किंवा अतिशय चांगला, तो वाजवी वेळेत त्या कर्मचाऱ्याला कळवायचा आणि त्याला आपली बाजू मांडायची संधी द्यायची. देव दत्त तोपर्यंत निवृत्त झालेले होते. तरी न्यायालयाने त्यांना तो शेरा कळवायला आणि त्यांच्या निवेदनावर विचार करायला लावलं, शेरा सुधारला तर मागच्या तारखेपासून बढतीचाही. पुढच्या वर्षी केंद्राने संपूर्ण अहवालच कर्मचाऱ्याला दाखवायचा नियम केला.

हा निकाल सरकारी नोकर आणि सरकारी संस्था-महामंडळांतल्या कर्मचाऱ्यांपुरता आहे. गावच्या वार्ताहराला, कंत्राटी ऑपरेटरला, पतसंस्थेच्या कलेक्शनवाल्याला तो लागू नाही. पण मोजायची रीत तीच वापरता येते. ग्रुपवर सगळ्यांना "जबरदस्त" आणि एकालाच "ठीक" आलं, तर ते कौतुक नाही. आणि ज्या बोलण्यावर तुमची गावं, तुमचा पगार, तुमची ड्युटी बदलणार आहे, ते रात्री अकराच्या दोन ओळींत झालं तर तो अभिप्राय नाही. तो उत्तराविना दिलेला निकाल आहे.

इथं मी साहेबांना न्याय द्यायला हवा. माझ्या वहीत बऱ्याच गोष्टी नाहीत. फोनवरचं गोड बोलणं नाही, पोराच्या बहिणीच्या लग्नात साहेब स्वतः आले होते ते नाही, काढून टाकलेले मेसेज नाहीत. सकाळी वाघ आणि रात्री वाभाडे यात प्रत्येक वेळी खोटेपणाही नाही. त्या दिवशी सकाळी चूक कळलेलीच नव्हती. दोन्ही वेळी साहेब खरंच बोलले. आणि एका प्रमुखाच्या, एका पोराच्या डझनभर जोड्यांवरून जगाचा नियम काढता येत नाही.

म्हणून मी अजून एक गोष्ट केली. माझाच फोन उघडला. साहेबांनंतर वर्षभर मीच तीन तालुक्यांचे वार्ताहर सांभाळतोय. म्हटलं, दुसऱ्याचं मोजलंस, आता स्वतःचं मोज.

ग्रुपवर माझे शब्द: मस्त, एक नंबर, भारी. वैयक्तिक: "हे काय पाठवलंय?" रात्री साडेदहा. "परत तेच?" रात्री अकरा. भोकरदनच्या पोरीला, जिने एका शाळेच्या गळक्या खोलीची बातमी तीन वेळा पाठपुरावा करून लावून धरली, तिला मी ग्रुपवर फक्त अंगठा दिलाय. आणि तिसऱ्या बातमीत मुख्याध्यापकांचं आडनाव चुकलं तेव्हा वैयक्तिक सहा ओळी. साहेबांच्या धाग्यात मला जे दिसलं ते सगळं माझ्यात होतं. मला तर संपादकाने कधी कॉपीही फेकून मारली नव्हती, तेवढं कारणसुद्धा नाही.

तेव्हापासून मी काही गोष्टी बदलल्यात, त्या सांगतो. चूक माहितीची असेल, एकर-हेक्टरसारखी, तर ती ग्रुपवर जाते, पण नाव न घेता आणि उदाहरण बदलून. "पंचनाम्यातला आकडा हेक्टरमध्ये असतो, एकर लिहायचं तर अडीचने गुणा." एवढंच. त्याने सगळे शिकतात आणि कुणाचं तोंड काळं होत नाही. छोट्या ग्रुपमध्ये चुकणारा सहज ओळखू येतो, म्हणून दोन दिवस थांबून टाकतो. कौतुक करायचं तर काय केलं म्हणून करतोय ते लिहितो, आणि ते लिहिता येत नसेल तर याचा अर्थ मी बातमी वाचलेली नाही, म्हणून आधी वाचतो. माणसाच्या वागण्याबद्दल, आळसाबद्दल, उशिराबद्दल बोलायचं असेल तर फोन करतो, सकाळी. रात्री लिहिलेलं पाठवत नाही. आणि कुणाची गावं किंवा पैसे बदलायचे असतील तर आधी स्पष्ट लिहून देतो आणि चार दिवस त्याच्या उत्तराची वाट बघतो. हे अवघड आहे. मागच्या महिन्यात दोनदा चुकलो.

मोंढ्यातल्या त्या भेटीनंतर आठ दिवसांनी मी त्या पोराला मेसेज केला. त्याची ती चिखलातली बातमी परत काढून वाचली होती. लिहिलं, की बातमीत तू एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारलंयस, बाग कोणत्या वर्षी लावली होती. त्या एका प्रश्नामुळे नुकसान या हंगामाचं नाही, पंधरा वर्षांचं आहे हे वाचणाऱ्याला कळतं. आकडा चुकला, पण तो प्रश्न मला सुचला नसता.

दोन तासांनी उत्तर आलं. "दादा, हे तेव्हा सांगायचं होतं."

बरोबर आहे त्याचं. मी त्यावर काही लिहिलं नाही. अंगठाही दिला नाही. संध्याकाळी फोन केला.